"सॉरी सर" पाठवण्याआधी

दरवर्षी गणपतीत मी सांगलीला येतो तेव्हा विश्रामबागच्या घरी दोन-चार पोरं आईवडिलांना घेऊन हमखास येतात. सप्टेंबरात इंग्लंडला निघालेली असतात. प्रश्न ठरलेले असतात: थंडी किती, खोली केवढ्याला, भडंग नेता येतं का. भडंग खुशाल न्या. कॉपीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. आपल्या पोराचा त्याच्याशी काय संबंध, असं प्रत्येक घराला वाटतं. आमच्या घरालाही वाटलं होतं.

एमएस्सीच्या पहिल्याच सत्रात मला विद्यापीठाची ईमेल आली. असाइनमेंटमध्ये गैरप्रकाराचा संशय आहे, तुमचं म्हणणं कळवा. मी दोन उतारे संदर्भ देऊन, पण अवतरणचिन्हं न लावता जसेच्या तसे घेतले होते. रात्री साडेअकराला घाबरून उत्तर टाकलं: सॉरी सर, चूक झाली, पुन्हा होणार नाही. आपल्याकडे कॉलेजात सरांसमोर मान खाली घातली की बऱ्याचदा प्रकरण मिटतं, तीच सवय. तिथे त्या एका ओळीचा अर्थ झाला की आरोप संपूर्ण मान्य. आरोपात 'जाणूनबुजून' हा शब्दही होता, आणि मी तोही मान्य करून बसलो. सुनावणी झालीच नाही. त्या विषयात शून्य, पुन्हा लिहायची परवानगी, पण कितीही चांगलं लिहिलं तरी गुण 50 च. एमएस्सीला तिकडे उत्तीर्ण 50 ला आणि मेरिट 60 ला असतं. माझं मेरिट तिथेच गेलं.

म्हणून पहिली गोष्ट, आणि मी ती दोनदा सांगणार आहे: त्या रात्री उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच लिहा की पत्र मिळालं, पुरावे पाठवा, ते पाहून मुदतीत लेखी निवेदन देतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या पोरांच्या बाबतीत मी जे सर्वांत जास्त पाहिलं, ते इंटरनेटवरून उतरवणं नाही. ते आहे फाइल देणं. तासगावचा एक मुलगा आणि इस्लामपूरचा एक, एकाच घरात राहायचे. इस्लामपूरवाल्याने सबमिशनच्या आदल्या रात्री म्हटलं, फक्त फॉरमॅट बघतो रे, पाठव. याने व्हॉट्सॲपवर वर्ड फाइल पाठवली. गावाकडचा पोरगा, नाही कसं म्हणायचं? दोघांनाही पत्र आलं. आरोपाचं नाव प्लॅजिअरिझम, म्हणजे उतरवणं, नव्हतं; कोल्यूजन होतं, म्हणजे संगनमत. यात देणाराही आरोपी असतो, हे आपल्याकडे कुणाच्या पचनी पडत नाही. तासगाववाल्याचे वडील फोनवर मला म्हणाले, "अहो, ह्यानं तर मदत केली, ह्याला कशाला धरलं?"

आरोपाचं नाव नीट वाचा, कारण उत्तर त्यालाच द्यायचं असतं. मग पुरावे मागा. ते पाहणं हा तुमचा हक्क आहे, आणि सुनावणीआधी वाचायला पुरेसा वेळ मिळणं हाही. तासगाववाल्याच्या गठ्ठ्यात टर्निटिन या साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल होता, त्यात 41 टक्के साम्य. हा आकडा बघून पोरं गळून जातात. पण साम्य म्हणजे चोरी नव्हे. संदर्भसूची, अवतरणं, असाइनमेंटचा छापील प्रश्न, हे सगळं त्यात मोजलेलं असू शकतं. अहवाल उघडून रंगवलेली एकेक ओळ बघायची. याच्या बाबतीत सूची वगळल्यावरही 28 टक्के उरले, आणि ते सगळे मित्राच्या फाइलशी जुळणारे. म्हणजे साम्य खरं होतं. प्रश्न फक्त एवढाच उरला की मूळ कुणाचं.

इथे पुरावा तुमच्या हातात असतो. आरोप सिद्ध करणं विद्यापीठाचं काम आहे, पण फौजदारी कोर्टासारखी 'संशयापलीकडे' अशी कसोटी तिथे सहसा नसते. दोन्हींतलं जास्त शक्य काय वाटतं, एवढं पाहतात. त्यामुळे 'मी केलं नाही' म्हणून गप्प बसणं महाग पडतं. याने क्लाउडवर साठलेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या काढल्या. तीन आठवड्यांत मजकूर कसा वाढत गेला ते तारखांसकट दिसत होतं. हाताने काढलेल्या टिपणांचे फोटो जोडले. फाइल पाठवल्याचा व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉटही त्याने स्वतःच जोडला. तो लपवावा असा सल्ला त्याला तिथल्याच एका जुन्या मराठी काकांनी दिला होता. हे काका तुम्हालाही भेटतील, सगळ्यात अनुभवी असतात, पण सुनावणीला एकदाही बसलेले नसतात. त्यांना चहा पाजा, सल्ला विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात घ्या. ते फुकट असतं, विद्यापीठाच्या प्रशासनाशी बांधील नसतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिथला सल्लागार सुनावणीला तुमच्याबरोबर येऊन बसतो. वकील आणायला मात्र बहुतेक ठिकाणी परवानगी नसते.

आता निवेदन. त्याचा पहिला मसुदा चार पानांचा होता. वडिलांचं कर्ज, द्राक्षबागेवर पडलेली गारपीट, आईचं मानेचं दुखणं, आणि मित्राने कसा विश्वासघात केला. फाइल कधी पाठवली ते कुठेच नव्हतं. आम्ही ते दीड पानावर आणलं. पहिला परिच्छेद: काय मान्य आहे. "4 मार्चला रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी मी माझी पूर्ण झालेली फाइल पाठवली. नियमानुसार हे चुकीचं आहे, हे मला मान्य आहे." दुसरा: काय मान्य नाही. "मजकूर मी एकट्याने लिहिला. तो सादर केला जाईल हे मला माहीत नव्हतं." प्रत्येक वाक्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. तिसरा: परिस्थिती, तीही कागद असेल तरच. परिस्थितीमुळे आरोप पुसला जात नाही, शिक्षा कमी होऊ शकते, म्हणून ती शेवटी. मित्राविषयी एकही विशेषण ठेवलं नाही.

सुनावणी चाळीस मिनिटांची झाली. तिघांचं पॅनेल होतं. त्यांनी त्याला दुसऱ्या तक्त्यातले आकडे कसे काढले ते विचारलं. त्याने कागदावर मांडून दाखवलं. स्वतः लिहिलेलं असलं तर हे जमतं, म्हणून आदल्या दिवशी आपलीच असाइनमेंट पुन्हा वाचा. निकाल असा: संगनमत सिद्ध, लेखी ताकीद, गुण कायम. इस्लामपूरवाल्याला शून्य आणि 50 च्या मर्यादेत पुन्हा सादर. दुसऱ्यांदा सापडलं तर शिक्षेची पायरी वर जाते: पूर्ण विषय बाद, कधी पदवीचा दर्जा खाली, शेवटी काढून टाकणं. काढून टाकलं तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावं लागतं आणि व्हिसा जातो.

पैसे देऊन असाइनमेंट लिहून घेण्याबद्दल एकच ओळ: इंग्लंडमध्ये 2022 पासून अशी सेवा विकणं गुन्हा आहे, आणि विकणारेच पुढे विद्यापीठाला कळवायची धमकी देऊन पैसे उकळतात.

निकाल चुकीचा वाटला तर आधी विद्यापीठातच अपील. त्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते, पत्रात शोधून कॅलेंडरवर लिहा. तिथलं सगळं संपलं की विद्यापीठ तसं अंतिम पत्र देतं, ते जपून ठेवा. त्या तारखेपासून 12 महिन्यांच्या आत ओआयए या स्वतंत्र संस्थेकडे फुकट तक्रार करता येते. इंग्लंड आणि वेल्सपुरतीच, स्कॉटलंडला जाणाऱ्यांची संस्था वेगळी. तुमची असाइनमेंट किती गुणांची होती हे ओआयए ठरवत नाही. प्रक्रिया नियमाने झाली का आणि शिक्षा वाजवी होती का, तेवढंच पाहते.

आणि दुसऱ्यांदा: त्या रात्री उत्तर द्यायचं नाही. मला फोन करा, तिकडे साडेअकरा असले तरी चालेल.