गणपतीला नाही, मे महिन्यातच या: आपला स्टुडिओ ३० मेला बंद होतोय

चिपळूणच्या बाजारपेठेतला आपला फोटो स्टुडिओ शनिवार, ३० मे २०२६ रोजी संध्याकाळी सहा वाजता कायमचा बंद होईल. जागा बदलत नाही, दुसऱ्या कुणाला चालवायलाही देत नाही. वडिलांनी उभं केलेलं हे काम मी पुढे सदतीस वर्षं केलं. आता डोळ्यांना रिटचिंग झेपत नाही, आणि मुलांच्या वाटा वेगळ्या आहेत. तारीख मात्र विचार करून धरली आहे. मुंबई-पुण्याची आपली माणसं मे महिन्यात गावी येतात, आणि पाऊस लागायच्या आत निगेटिव्ह ज्याच्या त्याच्या घरी पोचलेल्या बऱ्या. म्हणून दरवर्षीसारखं “गणपतीला येऊ तेव्हा नेऊ” या वेळी म्हणू नका. गणपतीत इथे कुलूप असेल.

लग्न-मुंजीची नवीन ऑर्डर आता घेत नाही. ज्यांची आधी घेतली आहे त्यांचे अल्बम २३ मेपर्यंत हातात मिळतील. अल्बम बाहेरगावी छापून येतो, त्यामुळे फोटो निवडून क्रमांक मला ५ मेच्या आत कळवा. जुन्या, फाटलेल्या फोटोंची दुरुस्ती ३० एप्रिलपर्यंतच स्वीकारेन, कारण एकेका फोटोला दोन-तीन दिवस जातात आणि शेवटच्या आठवड्यात घाईने कुणाच्या आजीचा चेहरा मला बिघडवायचा नाही. पासपोर्ट साइझचे फोटो शेवटच्या दिवशीही दुपारी बारापर्यंत काढून मिळतील. जूनमध्ये मुलांचे प्रवेश असतील त्यांनी येताना पेन ड्राइव्ह आणा, म्हणजे मूळ फोटोही देतो. पुढे कुठेही छापून घेता येईल. कुणाचा ॲडव्हान्स माझ्याकडे राहिला असेल तर पावती दाखवून २३ मेच्या आत परत न्या.

आता खरं काम, म्हणजे निगेटिव्ह. माळ्यावर आणि मागच्या खोलीत लाकडी पेट्यांतून तुमच्या लग्नांच्या, बारशांच्या, शाळेच्या ग्रुप फोटोंच्या पट्ट्या आहेत. आजवर त्या मी सांभाळल्या, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्यानेही काढून घेणाऱ्याचाच असतो. त्या २८ मेपर्यंत कधीही न्या. त्याचे पैसे नाहीत. स्कॅन करून हवं असेल तर पाकीट १५ मेपर्यंत सांगून ठेवा. साध्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हचा मी २४०० डीपीआयवर स्कॅन करतो. त्यातून आठ बाय बाराच्या जवळपास मोठा फोटो नीट छापता येतो.

पावती बहुतेकांकडे नसणार, २००५ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्या गावात कागद ठेवलेच कुठे? पावती नसली तरी चालेल, पण थोडं आठवून या. गेल्या आठवड्यात खेर्डीचे एक काका आले. लग्न १९९४ चं, अल्बम पुरात गेलेला, तारीखही नक्की आठवेना. एवढंच ठाऊक होतं की वैशाख होता आणि दोन दिवसांनी शेजारच्या वाडीत दुसरं लग्न होतं, तिथेही मीच गेलो होतो. माझ्या वहीत तारीख, गाव, कुणाच्या घरचं कार्य आणि रोलचा क्रमांक एवढं असतं. शेजारच्या वाडीचं लग्न सापडलं आणि त्याच्या वरच्याच ओळीत काकांचं. दोन रोल होते. पाणी लागल्यामुळे एकातल्या चौदा चौकटींवरचा थर सुटला आहे, त्या गेल्या. पण आईने सुनेला ओवाळतानाची चौकट स्वच्छ निघाली. काकांकडे आईचा दुसरा फोटोच नव्हता. तेव्हा येण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारून महिना, गाव, कार्य कुणाच्या नावाने होतं आणि त्या सुमाराला आणखी काय घडलं ते एका कागदावर लिहून आणा. वही मे १९८९ पासूनची आहे. वडिलांच्या काळातलं मात्र पाकिटावरच्या नावावरूनच शोधावं लागतं, त्यासाठी सकाळी दहा ते बारा या वेळात या. दुपारी गर्दीत ते जमत नाही.

स्वतः येता येत नसेल तर घरच्या माणसाकडे सहीची चिठ्ठी द्या आणि मला फोनवर सांगा. ज्यांचे संसार पुढे वेगळे झाले त्यांच्या लग्नाची निगेटिव्ह पावती ज्यांच्या नावावर होती त्यांना देईन, स्कॅन मात्र दोघांनाही मिळेल. २८ मेनंतर जे उरेल ते मी स्वतः बसून कापून नष्ट करणार आहे. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाले विचारून गेले. तुमच्या लेकीबाळींचे चेहरे मी वजनावर विकणार नाही.

पाकीट घरी नेल्यावर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आतून कुजायला लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि लगेच स्कॅन करून घ्या, कारण हे थांबवता येत नाही. पांढरे तंतू दिसले तर बुरशी आहे. ओल्या फडक्याने पुसू नका, त्याने फोटोचा थरच निघून येतो. पट्टी कडांनी धरा, बटर पेपरमध्ये ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर नको आणि भिंतीला लागून असलेल्या कपाटातही नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर वर्षी बदला. स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होऊन जातो.

आणि आभार. २२ जुलै २०२१ ला पाणी दुकानात वरच्या दुसऱ्या फळीपर्यंत होतं. ओसरल्यावर मी चिखलात उभा होतो, आणि निगेटिव्ह सुकल्या की एकमेकींना चिकटून कायमच्या जाणार हे मला कळत होतं. त्या सुकू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवायला हव्या होत्या, आणि गावात प्यायला पाणी नव्हतं. ज्यांची स्वतःची घरं अजून चिखलात होती अशी माणसं वरच्या आळीतल्या विहिरीवरून कळश्या भरून घेऊन आली. तीन दिवस आपण बादल्यांतून एकेक पट्टी सोडवली, धुतली आणि दोरीवर चिमट्यांनी टांगली. आज ज्या पेट्या परत देतोय त्या तुम्हीच वाचवलेल्या आहेत. ते पाणी मी विसरलेलो नाही.

शोकेसमधले फोटो २९ मेला संध्याकाळी चारला काढणार आहे. ज्यांचा फोटो तिथे लागला आहे त्यांनी येऊन फ्रेमसकट घेऊन जावा. तिसऱ्या ओळीत डावीकडे परकर-पोलक्यातली, हातात करवंटी धरलेली मुलगी आहे. ती वडिलांनी काढलेली, पाकिटावर नाव नाही. आता ती पन्नाशीच्या पुढची असेल. कुणी ओळखलं तर तिला कळवा.