कुटुंब पुनर्मिलन व्हिसा: नातं सिद्ध करताना या चुका टाळा

नातं खरं असूनही अर्ज अडकतो तेव्हा बहुतेक वेळा अडचणीचं मूळ जन्मदाखल्यात असतं. समजा, आई परदेशात स्थायिक आहे आणि 14 वर्षांच्या मुलाला तिच्याकडे जायचं आहे. मुलाचा जन्म 2011चा, पण जन्मनोंद झाली 2022 मध्ये, पासपोर्ट काढायच्या वेळी. दाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव आहे आणि तिच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं. दाखला अस्सल आहे, सही-शिक्का सगळं जागच्या जागी आहे. तरी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्यांदा दिसतात ती मधली 11 वर्षं.

इथे लोक हमखास एक चूक करतात. नातेवाइकांकडून चार-पाच प्रतिज्ञापत्रं करून जोडतात. अर्जासाठी म्हणून गेल्या महिन्यात लिहिलेल्या कागदाला फारसं वजन मिळत नाही. वजन असतं ते व्हिसाचा विचारही कुणाच्या मनात नव्हता तेव्हा तयार झालेल्या कागदाला. प्रसूतीनंतरचं डिस्चार्ज कार्ड, पहिल्या महिन्यांतल्या लसींच्या नोंदी, पालकाचं नाव असलेलं शाळेच्या प्रवेश रजिस्टरचं पान, हे आधी शोधा. प्रतिज्ञापत्र त्यांच्या जोडीला चालतं, त्यांच्या जागी नाही. नोंद उशिरा का झाली हे अर्ध्या पानात सरळ लिहून द्या. नावातला फरक जोडणारा कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र. ते नसलं तर अधिकाऱ्यासाठी त्या दोन वेगळ्या बायका ठरतात.

दाखला घेतानाही बघून घ्या. काही ठिकाणी जन्मदाखल्याचा छोटा उतारा मिळतो, त्यावर आई-वडिलांची नावंच नसतात. नात्याच्या पुराव्यासाठी तो निरुपयोगी आहे. पूर्ण नोंदीची प्रमाणित प्रत मागा.

यापेक्षा गंभीर चूक म्हणजे अर्जाच्या तोंडावर जुनी कागदपत्रं ‘नीट करून घेणं’. शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख दोन दिवस पुढची निघाली, तर ती गुपचूप बदलून आणू नका. आधीच्या एखाद्या अर्जात जुनी तारीख गेलेली असेल, तर साधी विसंगती बनवाबनवीसारखी दिसायला लागते. फरक तसाच दाखवा आणि तो कसा झाला ते लिहा. कायदेशीर दुरुस्ती खरोखर करावी लागली, तर जुना आणि नवा, दोन्ही कागद जोडा.

फोटोंबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थोडे द्या, पण वर्षांवर पसरलेले द्या. एकाच समारंभातले दोनशे फोटो फक्त एक दिवस सिद्ध करतात. मूल तान्हं असताना, शाळेत जायला लागल्यावर, आई भेटायला आली तेव्हा, असे पंधरा-वीस पुरतात. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि डावीकडून कोण कोण आहे ते लिहा. मेसेजिंग अॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारखेची माहिती बहुधा उरत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. कापाकापी किंवा फिल्टर नको. फोटो रक्ताचं नातं सिद्ध करत नाहीत. नातं जपलं गेलंय एवढं दाखवतात.

एवढ्यानेही शंका उरली तर डीएनए चाचणी सुचवली जाते. घाईने घरगुती किट मागवून अहवाल जोडलात तर पैसे वाया गेले म्हणून समजा, कारण नमुना नेमका कुणाचा हे त्यातून ठरत नाही. संबंधित कार्यालयाला मान्य असलेली प्रयोगशाळा निवडावी लागते. ओळखपत्र तपासून, अधिकृत व्यक्तीसमोर गालाच्या आतून नमुना घेतला जातो, सीलबंद होऊन जातो आणि अहवाल सहसा प्रयोगशाळाच थेट कार्यालयाला पाठवते. तुमच्या हातून गेलेला लिफाफा या साखळीत बसत नाही.

चाचणी कुणाची करायची हेही महत्त्वाचं. आई आणि मूल यांच्यात डीएनएतल्या तपासलेल्या प्रत्येक जागी निदान एक खूण जुळायला हवी, म्हणून निकाल 99.9 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतो. एखादी खूण जुळली नाही म्हणून लगेच नातं नाकारलं जात नाही. तो नैसर्गिक बदल असू शकतो, आणि प्रयोगशाळा आणखी जागा तपासते. भावंडांचं तसं नसतं. सख्ख्या भावंडांतही काही जागी एकही खूण जुळत नाही, त्यामुळे अहवाल कधीकधी ‘अनिर्णित’ येतो. आई किंवा वडील हयात असतील तर त्यांचा नमुना घ्या. वडिलांचा सख्खा भाऊच मुलाचा खरा बाप असावा अशी शंका घेतली जात असेल, तर प्रयोगशाळेला आधीच सांगा. भावाभावांच्या खुणा बऱ्याच सारख्या असतात.

मूल दत्तक किंवा सावत्र असेल तर डीएनएचा उपयोग नाही. तिथे दत्तक आदेश, किंवा जोडीदाराचं विवाह प्रमाणपत्र आणि मुलाच्या ताब्याचे कागद लागतात. ही गोष्ट अर्जात पहिल्यापासून लिहा. चाचणीत नातं जुळलं नाही आणि मग दत्तक असल्याचं सांगितलं, तर तोवर फाइलवर ‘खोटी माहिती’ असा शेरा पडलेला असू शकतो.