शटडाउनमध्ये स्विच बदलण्याआधी: क्वेरियर कुठे आहे?

अंधेरी एमआयडीसीतल्या एखाद्या पॅकिंग लाइनवर रविवारच्या शटडाउनमध्ये नवे मॅनेज्ड स्विच बसवायचे असतील, तर केबल, लेबल आणि जुन्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

आधी भार मोजावा. इथरनेट/आयपीवरची २० उपकरणे १० मिलिसेकंदांच्या आरपीआयने मल्टिकास्ट करत असतील, तर प्रत्येकाची सेकंदाला १०० याप्रमाणे २,००० पॅकेट्स होतात. ती हवी असतात फक्त पीएलसीला; पण साधा स्विच मल्टिकास्ट प्रत्येक पोर्टवर सोडतो. त्याने १०० एमबीपीएसची लाइन भरत नाही, मात्र जुन्या ड्राइव्हमधला छोटा प्रोसेसर नको असलेली पॅकेट्स टाकून देण्यातच गुंततो आणि मधूनच त्याचे कनेक्शन तुटते. जिथे एकच कंट्रोलर डेटा वाचतो तिथे कनेक्शन युनिकास्ट करून टाकावे.

उरलेल्यासाठी आयजीएमपी स्नूपिंग. कोणत्या पोर्टवरून कोणत्या ग्रुपची मागणी आली, हे स्विच ऐकून ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टना तो ग्रुप देतो. मात्र ही नोंद टिकण्यासाठी कोणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून हवे आहे का?’ असे विचारत राहावे लागते. ते काम क्वेरियरचे. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ते बहुधा राउटर करतो. मशीनच्या बंद नेटवर्कमध्ये राउटरच नसतो. मागच्या वेळी माझ्याकडून राहिले ते नेमके हेच, म्हणून पुन्हा लिहितो: स्नूपिंग चालू करणे म्हणजे क्वेरियर चालू करणे नव्हे. सिस्कोच्या औद्योगिक स्विचवर तो असा द्यावा:

```
ip igmp snooping querier
ip igmp snooping querier address 192.168.10.2
```

क्वेरियर नसला तरी सुरुवातीला सगळे सुरळीत दिसते, कारण उपकरण ग्रुपमध्ये शिरताना आपणहून एकदा मागणी पाठवते. नेहमीच्या मूल्यांनुसार ती नोंद २६० सेकंदांनी पुसली जाते. मग स्विचच्या स्वभावाप्रमाणे एक तर पुन्हा सगळीकडे पूर येतो, किंवा ग्रुप अडवला जाऊन आय/ओ टाइमआउट होतो. पीएलसी पुन्हा जोडला गेला की परत चार मिनिटे शांतता. म्हणून दोन मिनिटांची चाचणी घेऊन ‘झाले’ म्हणू नये. किमान पंधरा मिनिटे थांबावे आणि क्वेरियर दिसतो का, हे प्रत्येक स्विचवर पाहावे:

```
show ip igmp snooping querier
show ip igmp snooping groups
```

क्वेरियर पीएलसीजवळच्या, कधीही बंद न होणाऱ्या स्विचवर ठेवावा, मशीनच्या पॅनेलमधल्या नव्हे. दुसरा राखीव ठेवताना त्याला मोठा आयपी द्यावा, कारण निवडीत लहान आयपी जिंकतो. आणि हो, प्रत्येक व्हीएलएएनला स्वतःचा क्वेरियर लागतो.

प्रोफिनेटचा चक्रीय डेटा आयपीवरून जातच नाही, त्यामुळे स्नूपिंगचा तिथे उपयोग नाही. रिंग एकदा तोडून पाहावी. कॉन्फिगरेशन सेव्ह करावे.