जुन्या सहकाऱ्याकडे रेफरल कसं मागावं

रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो: "हाय, कशी आहेस? तुमच्याकडे काही ओपनिंग असेल तर बघ ना." खाली जोडलेली फाइल, `Resume_final_new(2).pdf`. पाठवणारी चार वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायची. कामाला चोख. तरीही त्या मेसेजचं मी आठवडाभर काहीच केलं नाही.

आळस होता, पण तेवढंच नाही. "बघ ना" म्हणजे मी नेमकं काय करायचं? आमच्या पोर्टलवर शेकडो जागा, त्यातली तिला चालेल अशी मीच शोधायची. मग फॉर्म उघडायचा. त्यात विचारणार एकूण अनुभव किती, त्यातला या कामाचा किती, नोटीस पीरियड किती, शहर बदलायची तयारी आहे का. यातलं मला काहीच ठाऊक नाही. म्हणजे तिलाच विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. पाच मिनिटांचं काम तीन दिवस लांबतं आणि मग राहूनच जातं. पुढे मला स्वतःला रेफरल मागायची वेळ आली, तेव्हा हे डोक्यात ठेवूनच मागितलं. आयटी आणि तत्सम मोठ्या कंपन्यांत रेफरल पोर्टलवरून जातं. खाली लिहिलंय ते तिथलं आहे.

आधी स्वतः अर्ज करू नका

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जागा दिसली की आपण उत्साहाने कंपनीच्या करिअर साइटवर अर्ज ठोकून देतो आणि मग ओळखीचं कोणी तिथे आहे का ते शोधतो. कंपनीची सिस्टीम उमेदवाराला साधारणपणे ईमेल आणि मोबाइल नंबरवरून ओळखते. तुमची नोंद आधीच असेल, मग ती तुम्ही केलेली असो की एखाद्या कन्सल्टन्सीने, तर बऱ्याच ठिकाणी काही महिने त्यावर नवं रेफरल धरलं जात नाही. मित्राने फॉर्म भरला की त्याला `duplicate` असा शेरा दिसतो आणि त्याची मेहनत वाया जाते.

म्हणून क्रम असा: जागा शोधा, माणूस शोधा, रेफरल होऊ द्या, मग आलेल्या लिंकवरून अर्ज पूर्ण करा. आधीच अर्ज केला असेल तर मागतानाच सांगून टाका. अशा वेळी तो फार तर रिक्रूटरला किंवा त्या टीमच्या मॅनेजरला तुमच्याबद्दल एक मेल टाकू शकेल. तेही कमी नाही.

एका कंपनीत एकालाच विचारा. दोघांना विचारलं तर सहसा पहिली नोंद धरतात, आणि दुसऱ्याला कळतं की आपल्याआधी आणखी कुणाला तरी सांगून झालं होतं.

कुणाला विचारायचं

पदाने मोठा असलेल्यापेक्षा ज्याने तुमचं काम जवळून पाहिलंय तो बरा. फॉर्ममध्ये "या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता" असा रकाना बहुधा असतोच. "एकाच कंपनीत होतो" एवढंच लिहू शकणाऱ्या डायरेक्टरपेक्षा "आम्ही एकत्र रिलीज केलंय" असं लिहिणारा टीममधला टेस्टर जास्त उपयोगाचा.

पहिला मेसेज: फक्त विचारणा

वर्षभरात बोलणं झालं असेल तर सगळं एकदम पाठवलं तरी चालतं. मध्ये तीन-चार वर्षं गेली असतील तर आधी नुसतं विचारा. पण पाल्हाळ नको. "मुलं कशी आहेत"पासून सुरू करून चौथ्या दिवशी मुद्द्यावर येणं समोरच्यालाही कळतं. मी असा मेसेज पाठवला होता:

"अरे, खूप दिवसांनी मेसेज करतेय आणि तोही कामासाठी. तुमच्याकडे पुण्यात सीनियर टेस्ट इंजिनिअरची जागा दिसली, माझ्या कामाशी बरीच जुळतेय. अजून अर्ज केलेला नाही. पेमेंट मॉड्यूलवर आपण दोन वर्षं एकत्र होतो, म्हणून तुला विचारतेय: रेफर करशील का? हो म्हणालास तर लागणारं सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवते. तुमच्याकडचे नियम आड येत असतील किंवा तुला बरोबर वाटत नसेल, तर बिनधास्त नाही म्हण."

शेवटचं वाक्य गाळू नका. रेफर करणाऱ्याचं नाव पणाला लागतं. कुणी आधीच तिघांना रेफर केलेलं असतं, कुणाचं मॅनेजरशी बिनसलेलं असतं. नकाराची वाट मोकळी ठेवली की होकारही मनापासून येतो. आणि "तुलाही बोनस मिळेल" हे लिहू नका. बोनस असतो, बहुतेक ठिकाणी नवा माणूस काही महिने टिकल्यावर मिळतो आणि त्याला ते तुमच्याआधीपासून माहीत असतं.

होकार आला की त्याच दिवशी

एकाच मेसेजमध्ये, कॉपी करून चिकटवता येईल असं पाठवा: जॉब आयडी आणि लिंक, रेझ्युमेवर आहे तसंच पूर्ण नाव, ईमेल, मोबाइल, एकूण अनुभव आणि त्यातला या कामाचा, नोटीस पीरियड, शहर. रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव. जागा अजून उघडी आहे ना, ते पाठवायच्या आधी पुन्हा बघा. पगाराचा आकडा मी आपणहून देत नाही. "फॉर्मने मागितला तर सांग" एवढंच लिहिते.

"कसे ओळखता" या रकान्यासाठीही चार ओळी लिहून द्या, पोर्टल इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच. "मेहनती आणि टीम प्लेअर" हे प्रत्येकाबद्दल लिहिलं जातं, त्यामुळे कोणी वाचत नाही. मी दिलेल्या मजकुराचा आशय असा होता: "आम्ही दोन वर्षं पेमेंट मॉड्यूलवर एकत्र होतो. रिग्रेशन टेस्टिंग हाताने करायला चार दिवस लागायचे. हिने एपीआय टेस्ट ऑटोमेट केल्यावर ते एका दिवसावर आलं." त्याने स्वतः पाहिलेलंच त्यात असावं. उद्या मॅनेजरने जिन्यात गाठून विचारलं, तर त्याला अडखळावं लागू नये. सोबत "हवं तसं बदल" असंही लिहा.

रेफर झाल्यावर

त्याने फॉर्म भरला की पुष्कळ ठिकाणी तुम्हाला मेल येतो आणि त्यातल्या लिंकवरून अर्ज तुम्हीच पुरा करायचा असतो. हा मेल स्पॅममध्ये जातो, लिंकची मुदत संपते, आणि आपण मात्र कॉलची वाट बघत बसतो. दोन दिवसांत मेल दिसला नाही तर स्पॅम बघा, मग त्याला विचारा. अर्ज करताना त्याला दिलेलाच ईमेल वापरा, नाहीतर सिस्टीमला तुम्ही दोन वेगळी माणसं वाटता.

रेफरलने रेझ्युमे रिक्रूटरच्या नजरेस पडण्याची शक्यता वाढते. मुलाखत मिळेलच असं नाही. त्यामुळे आठवड्याने एकदा "स्टेटस दिसतंय का?" विचारावं, रोज नाही. मुलाखत ठरली, झाली, नकार आला, तर त्याला कॉरिडॉरमधून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

आणि पहिल्याच मेसेजला निळ्या टिका येऊनही उत्तर आलं नाही तर? पाच-सहा दिवस थांबून एकदा आठवण करा: "जागा बंद व्हायच्या आत अर्ज करायचाय, शुक्रवारपर्यंत तुझं जमलं नाही तर मी साइटवरून करते." शुक्रवारी खरंच करा. शनिवारी त्याचा "सॉरी, आत्ता बघितलं" असा मेसेज आला, तर जॉब आयडी पाठवून रिक्रूटरला मेल टाकशील का, एवढंच विचारा.