कव्हर्ड कॉल: आधी विकायचा भाव ठरवा, मग स्ट्राइक निवडा

आपल्याकडचे शेअर एका ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, द्यायचं वचन पैसे घेऊन विकणं म्हणजे कव्हर्ड कॉल. त्याबद्दल कुणालाही विचारलं की एकच सल्ला मिळतो, "जिथे प्रीमियम बरा दिसतोय तिथला कॉल विकून टाक, महिन्याला घरबसल्या पैसे." या सल्ल्याने माझे बरेच पैसे गेलेत म्हणून हे लिहितोय. डीमॅटमध्ये पूर्ण लॉटएवढे शेअर आहेत, एफ अँड ओ चालू आहे, मार्जिनची सोय आहे, एवढं मी धरून चालतो.

ऑप्शन चेन उघडायच्या आधी एक आकडा कागदावर लिहा: हा शेअर मी कितीला आनंदाने देऊन टाकीन? टार्गेट वगैरे नाही, खरोखर द्यायचा भाव. कॉल विकला म्हणजे तुम्ही त्या स्ट्राइकला शेअर द्यायचं वचन दिलंय आणि प्रीमियम हा त्या वचनाचा बयाणा आहे. आपल्याकडे स्टॉक ऑप्शनची सेटलमेंट २०१९ पासून पूर्णपणे डिलिव्हरीने होते, त्यामुळे एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपते त्या दिवशी, भाव स्ट्राइकच्या वर बंद झाला तर शेअर खरंच जातात. जे शेअर जाऊच नयेत असं वाटतं, म्हणजे आजोबांनी घेतलेले, किंवा इतक्या जुन्या भावाचे की विकले की मोठा कॅपिटल गेन टॅक्स बसेल, त्यांच्यावर कॉल विकूच नका.

आता उदाहरण घेऊ, आकडे समजुतीसाठी आहेत. शेअर ४२० ला आहे, लॉट १६०० चा, एक्सपायरीला साधारण पाच आठवडे आहेत. ४३० चा कॉल ८ रुपयांना, ४४० चा ५ ला आणि ४६० चा दीड रुपयाला जातोय. माझ्या कागदावर ४४५ लिहिलंय. ४४० चा विकला तर शेअर गेल्यावर हातात ४४० अधिक ५ म्हणजे बरोबर ४४५ येतात आणि नाही गेले तर ८,००० रुपये माझे. ४३० ला प्रीमियम जास्त दिसतो पण तिथे शेअर गेला तर ४३८ च मिळतात, जे मला नको होते. आणि ४६० च्या दीड रुपयात २,४०० येतात, तेवढ्यासाठी मी पाच आठवडे हात बांधून घेत नाही. डेल्टा, म्हणजे शेअर एक रुपया हलला की कॉल किती हलतो तो आकडा, बघत असाल तर माझे स्ट्राइक बहुतेक वेळा ०.२५ ते ०.३० च्या आसपास पडतात, पण ते नंतर तपासायला, ठरवायचं कागदावरच्या भावानेच.

मर्यादा कशावर येते तेही बघा. शेअर ४७० ला गेला तरी तुम्हाला ४४५ च, वरचे २५ रुपये गुणिले १६०० म्हणजे ४०,००० दुसऱ्याचे. खालची बाजू मात्र पूर्ण तुमचीच राहते, ३८० ला आला तर ६४,००० चा फटका आणि त्यातून वजा फक्त ते ८,०००. म्हणून पडझडीपासून संरक्षण म्हणून कॉल विकायचा सल्ला मला अजिबात पटत नाही.

आता जिथे मी स्वतः अडकलो ते. असाच एक शेअर होता, ४२० ला असताना ४४० चा कॉल ५ ला विकला आणि शेअर सुटला, ४७० वर गेला. माझा कॉल ३१ झाला होता. मला वाटलं एवढा पळणारा शेअर का द्यायचा, रोल करू. ३१ ला परत घेतला, म्हणजे २६ चा तोटा, आणि पुढच्या महिन्याचा ४७० चा १३ ला विकला. शेअर पुढे ५०० झाला, तो १३ चा कॉल मी ३३ ला परत घेतला, आणखी २० गेले. मग वैतागून कॉल विकणं थांबवलं आणि त्यानंतर शेअर ४५० ला येऊन बसला. हिशोब करा: शेअर ३० रुपये वाढला आणि ऑप्शनमध्ये ४६ गेले, म्हणजे वाढत्या शेअरमध्ये मी १६ रुपये मागे. पहिल्याच महिन्यात शेअर देऊन टाकले असते तर ४४५ हातात होते.

यात कळीची गोष्ट ही की परत घेताना खिशातून जाणारे पैसे रोख असतात आणि शेअरची वाढ फक्त स्क्रीनवर असते, ती उद्या पुसली जाऊ शकते. म्हणून आता माझा नियम पक्का आहे. रोल करायचा तर तेव्हाच, जेव्हा वरचा स्ट्राइक घेऊनही पैसे आत येतायत, म्हणजे नवीन प्रीमियम जुना कॉल परत घ्यायच्या खर्चापेक्षा जास्त आहे. भाव स्ट्राइकच्या खूप वर गेल्यावर हे एका महिन्याच्या अंतरात क्वचितच जमतं, आणि नाही जमलं की शेअर द्यायचे, विषय संपला.

याच्या उलटी चूक पडलेल्या शेअरवर होते. ४८० ला घेतलेला शेअर ४२० ला आलाय, लोक म्हणतात कॉल विकून भाव सरासरीला आण, आणि मग ४३० चा ८ ला विकतात. शेअर ४७० ला परत येतो आणि हे ४३८ ला अडकतात, लॉटमागे ६७,२०० चा तोटा कायमचा. आपल्या खरेदी भावाखालचा स्ट्राइक तेव्हाच विका जेव्हा त्या भावाला तोटा सोसून बाहेर पडायची मनापासून तयारी आहे.

एक्सपायरीचं एवढं अवघड नाही. स्टॉक ऑप्शनमध्ये महिन्याचीच एक्सपायरी असते, एनएसईवर सप्टेंबर २०२५ पासून शेवटच्या मंगळवारी. मी जुनी संपली की पुढच्या महिन्याची घेतो. त्यापुढच्या महिन्यात बहुतेक शेअरमध्ये बिड आणि आस्कमध्ये इतकं अंतर असतं की घुसतानाच प्रीमियमचा मोठा तुकडा जातो, शिवाय दोन महिन्यांचा ॲट द मनी, म्हणजे चालू भावाजवळच्या स्ट्राइकचा, प्रीमियम एका महिन्याच्या दुप्पट नसतो, साधारण दीडपटीच्या आतच. लिमिट ऑर्डरच टाका.

एक गोष्ट मात्र बघाच, त्या पाच आठवड्यांत तिमाही निकाल येतोय का. निकालाआधी प्रीमियम फुगतो आणि तो फुकट फुगलेला नसतो, शेअर एका दिवसात मोठी उडी मारू शकतो म्हणूनच असतो. मी निकाल झाल्यावर विकतो. प्रीमियम कमी मिळतो, चालतं.

विकल्यावर ५ चा कॉल १ रुपयावर आला की मी परत घेऊन टाकतो, उरलेल्या रुपयासाठी दोन आठवडे वचनात अडकायचं नाही. आपले ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, मधेच कुणी शेअर मागू शकत नाही, त्यामुळे मध्ये भाव ४४० च्या वर गेला तरी घाबरायचं कारण नाही.

शेअर मार्जिनसाठी गहाण ठेवले असतील तर एक्सपायरीच्या आठवडाभर आधी ब्रोकरला लेखी विचारा की डिलिव्हरी द्यायची वेळ आली तर ते कधी आणि कसे सोडवायचे. वेळेत शेअर पोचले नाहीत तर लिलावाचा भुर्दंड बसतो, शेअर आपल्याच नावावर असले तरी.