“दिवसभर भूक भूक करतो, पण अंगाला लागत नाही”: किडकिडीत मुलाच्या आहाराचा हिशोब कसा मांडावा

“नमस्कार मॅडम. माझा मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण. सारखं काहीतरी खायला मागतो. चार-चार पोळ्या जेवतो आणि तासाभरात पुन्हा डबे उघडतो. तरी बरगड्या मोजता येतात. सासूबाई म्हणतात, जंत असतील. जिममधला एकजण प्रोटीन पावडर सांगतोय. काय करू?”

आहारतज्ज्ञ म्हणून असे मेसेज मला नेहमी येतात, बहुधा रात्री साडेदहानंतर, ओटा आवरून झाल्यावर. या ताईंच्या मुलाची गोष्ट त्यांची ओळख न देता सांगते, कारण अशा बऱ्याच घरांत हिशोब नेमका इथेच चुकतो.

आधी मधुमेह नाही ना, ते बघा

ही पायरी पुढे ढकलू नका. भूक वाढलीय आणि वजन मात्र घटतंय, तहान फार लागते, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, असं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात रक्तातली साखर तपासून घ्या. टाइप १ मधुमेह याच वयात असा समोर येतो आणि बारीक मुलांनाही होतो. सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा तोंडाला फळासारखा गोडसर वास असेल, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

छातीत धडधड, हात थरथरणं आणि सतत घाम असेल तर थायरॉइड तपासावं लागतं. वारंवार पातळ शौच होत असेल, किंवा उंचीच थांबली असेल, तरीही आधी डॉक्टर. जंतांचं म्हणाल तर सासूबाईंची शंका अगदीच चुकीची नाही. शाळेत जंतनाशक दिनाला गोळी मिळाली होती का, ते मुलाला विचारा. चुकली असेल तर डॉक्टरांना विचारून द्या. पण गोळी दिली म्हणून पुढचं सोडून देऊ नका.

या मुलात यातलं काहीच नव्हतं. वडिलांना मधुमेह असल्यामुळे साखर तरीही तपासली, ती व्यवस्थित होती.

उंची आणि वजन, आत्ताचं आणि वर्षापूर्वीचं

नुसतं आजचं वजन कळून उपयोग नसतो. मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उभं करा, डोक्यावर कंपासपेटी आडवी धरा, खूण करा आणि टेपने मोजा. जुने आकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात सापडतात. ताईंना तिथेच सापडले: गेल्या जूनमध्ये १५४ सेंमी आणि ३८ किलो, आता १६३ सेंमी आणि ४२ किलो.

म्हणजे वर्षात तो ९ सेंमी वाढला होता. वयात येताना मुलांची उंची अशीच झपाट्याने वाढते, आणि भरणं मागून येतं. वजन घटलेलं नव्हतं, उंचीच्या मागे पडलं होतं. भूक खरी होती, शरीर हक्काचं मागत होतं. मग जेवतो तेवढं पुरत का नव्हतं?

तीन दिवसांची वही, घड्याळासकट

“भरपूर खातो” यावरून मला काही कळत नाही. किती वाजता, काय आणि किती, हे तीन दिवस लिहा, त्यात एक सुट्टीचा दिवस घ्या. वाटी घरातली एकच ठरवा. बाहेरचा वडापावही लिहा, त्यावरून रागावू नका, नाहीतर चौथ्या दिवशी तो लपवेल. आणि जेवणाच्या ताटाचा फोटो काढा.

त्या फोटोनेच उलगडा झाला. ताटात चार पोळ्या होत्या खऱ्या, पण ते तळहाताएवढे कोरडे फुलके होते. विचारल्यावर ताई म्हणाल्या, “ह्यांना शुगर निघाली ना, तेव्हापासून घरात सगळ्यांचं तेच करते. तेल कमी, तूप बंद, दूध साय काढून, भात रात्री एक वाटी.”

पन्नाशीच्या वडिलांचं पथ्य चौदा वर्षांच्या, रोज तासभर फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या ताटात आलं होतं. ताईंनी ते काळजीपोटीच केलं होतं, आणि असं करणारी घरं मी खूप पाहते.

आता हिशोब बघा, सगळे आकडे अंदाजे आहेत. तेल न लावलेला फुलका साधारण ७५ कॅलरींचा, तेल लावलेली घडीची पोळी १४५ च्या आसपास. मुलगा दिवसाला दहा फुलके खायचा, म्हणजे ७५०. भाज्या, आमटी, भात, ताक, कुरमुरे, बिस्किटं आणि क्लासबाहेरचा वडापाव धरून दिवसाची बेरीज दोन हजारांच्या आसपास येत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार १३ ते १५ वयाच्या मुलाची गरज सुमारे २,८६० ची. रोज साडेआठशेच्या आसपास तूट होती. कुरमुऱ्यांनी पोट भरतं, पण तूट भरत नाही, म्हणून तासाभरात पुन्हा डबे उघडले जायचे.

प्रथिनं मात्र त्याला दिवसाला ४५ ग्रॅम लागतात आणि डाळ-पोळीतून तेवढी जवळपास मिळत होती. एकूण कॅलरीच कमी पडल्या की शरीर प्रथिनंही इंधन म्हणून जाळतं. अशा वेळी पावडर आणणं म्हणजे महागडं सरपण आणणं, म्हणून ती मी नको म्हटलं.

तूट भरायची, पण ताट न वाढवता

चार पोळ्यांच्या जागी सहा वाढल्या तर मुलगा कंटाळतो. त्यापेक्षा आहे तोच घास भारी करा. वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. कणीक तीच, भाजी तीच, फक्त मुलाची पोळी घडीची आणि त्याच्या वरण-भातावर वेगळं तूप. ताईंनी असं केलं:

- दहा फुलक्यांऐवजी घडीच्या आठ पोळ्या: सुमारे ४०० जास्त.
- पहाटे चहा-बिस्किटांऐवजी सायीसकट म्हशीचं पेलाभर दूध आणि एक केळं: १८० जास्त. साडेसहाला त्याला जेवण जात नाही, पण हे पिऊन निघता येतं.
- दप्तरात शेंगदाणा-गुळाचा एक लाडू, दुसऱ्या मधल्या सुट्टीसाठी: १५०.
- रात्रीच्या भातावर चमचाभर तूप: ४५.

बेरीज पावणेआठशे. संध्याकाळी खेळायला जाण्याआधी कुरमुऱ्यांऐवजी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ दिली की उरलेलंही भरून निघतं. हे सगळं एका दिवसात सुरू करू नका, पोट बिघडतं. दर दोन-तीन दिवसांनी एक बदल करा, आणि दूध पचत नसेल तर दही द्या.

त्याच्यासमोर “हाडं निघालीत” असं कोणी म्हणणार नाही, हेही ताईंनी घरात सगळ्यांना बजावलं. त्या बोलण्याने तो पाहुण्यांपुढे जेवायचाच बंद झाला होता.

वजन पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. रोज बघितलं तर अर्धा किलो इकडेतिकडे होऊन उगाच जीव टांगणीला लागतो. महिन्याला अर्धा ते एक किलो वाढलं तर ठीक चाललंय. हा मुलगा तीन महिन्यांत ४४ वर गेला, उंचीही दोन सेंमी वाढली. तो अजून बारीकच दिसतो आणि काही काळ दिसेल. पण रात्री अकराला डबे उघडायचे आवाज बंद झालेत, असा ताईंचा मेसेज आला.

खाणं खरंच वाढवून दोन महिने झाले तरी काटा हलला नाही, तर आणखी तूप वाढत बसू नका. वही आणि वजनाचे आकडे घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शौचाची तपासणी आणि गव्हातलं ग्लुटेन सोसत नसल्यास ते दाखवणारी रक्ततपासणी यातलं काय करायचं, ते त्या आकड्यांवरून ठरवतील.