नाळेच्या डॉपलरचा रिपोर्ट कसा वाचावा: प्रवाह थांबतो किंवा उलटतो तेव्हा

पोटातले बाळ त्याच आठवड्याच्या १०० बाळांपैकी सर्वांत कमी वजनाच्या १० मध्ये मोडत असेल, तर ते मुळातच लहान चणीचे आहे की वारेकडून पोषण कमी पडल्याने खुंटले आहे, हे पाहण्यासाठी नाळेच्या धमनीचा डॉपलर, म्हणजे तिच्यातला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करतात.

आधी आलेख पाहावा. बाळाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक उंच टोक दिसते आणि त्यामागे उतार येतो. वार निरोगी असेल, तर दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त वारेकडे वाहत राहते, म्हणून उतार आधाररेषेच्या वरच राहतो. वारेतील बारीक रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणावर बंद पडल्या की तो रेषेला टेकतो, यालाच रिपोर्टमध्ये ‘ॲब्सेंट एंड डायस्टॉलिक फ्लो’ म्हणतात. अडथळा आणखी वाढला, तर त्या क्षणी रक्त बाळाकडे मागे फिरते, आलेख रेषेखाली जातो आणि ‘रिव्हर्स्ड’ असे लिहिले जाते.

मग मोजणी नीट झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. बाळ हलत असेल किंवा श्वासाच्या हालचाली करत असेल, तर आलेख फसवा येतो. मशीनचा वॉल फिल्टर जास्त ठेवला, तर मंद प्रवाह पुसला जातो. बाळाच्या पोटाजवळ नाळेतला रोध मुळातच जास्त असतो, त्यामुळे मोजणी मोकळ्या मधल्या वेटोळ्यात करणे योग्य.

त्यानंतर आठवडे पाहावेत, कारण निर्णय तिथेच अडतो. उदाहरणादाखल समजा, दिंडोरीहून नाशिकला पाठवलेल्या एका गर्भवतीला ३१ आठवडे झाले आहेत, बाळाचे अंदाजे वजन १,१५० ग्रॅम आहे आणि प्रवाह थांबलेला आहे. तिला एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात दाखल करून बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, तिचे बीपी तपासत राहतात, रोज बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात आणि डॉपलर दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करतात. इंजेक्शनांनंतर प्रवाह पुन्हा दिसू लागला, तर घरच्यांना बाळ सुधारले असे वाटते. पण हा परिणाम बहुधा तात्पुरता असतो आणि तेवढ्यावर सुट्टी मागणे मला धोक्याचे वाटते. चार दिवसांनी प्रवाह उलटा झाला, तर थांबण्यात बाळ दगावण्याचा धोका अपुऱ्या दिवसांच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो. अशा वेळी बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देऊन बहुधा सिझेरियन करतात, कारण कळांचा ताण असे बाळ सहसा सोसत नाही.

साधारणपणे थांबलेल्या प्रवाहात ३२ ते ३४ आणि उलट्या प्रवाहात ३० ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती करतात. ठोक्यांचा आलेख किंवा डक्टस व्हेनोसस या शिरेचा डॉपलर बिघडला, तर त्याआधीही करावी लागते.

३२ आठवड्यांनंतर खुंटू लागलेल्या बाळात मात्र हाच डॉपलर नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तिथे मेंदूच्या धमनीचा डॉपलरही पाहतात.